फोनवर प्रोफाइल पुन्हा पुन्हा विस्कटतं: ओळी, टिंबं आणि इमोजींचा घोळ कसा निस्तरायचा

माझी मावसबहीण नाशिकला हिशेबनिसाचं काम करते. लिंक्डइनवरचा तिचा ‘अबाउट’ विभाग मी गेल्या वर्षात तीनदा नीट करून दिला. दर वेळी कॉम्प्युटरवर झकास दिसायचा आणि दोन आठवड्यांनी तिचा मेसेज यायचा, “दादा, फोनवर परत ओळी तुटल्यात बघ.” तिसऱ्या वेळी मी वरवरची मलमपट्टी सोडली आणि मुळाशी काय आहे ते शोधलं. तेच इथे लिहितो, कारण हा घोळ तिच्या एकटीचा नाही.

तिच्या ‘अबाउट’चा वरचा भाग फोनवर असा दिसत होता:

```
━━━━━━━━━━━━━━━
👉 𝗔𝗖𝗖𝗢𝗨𝗡𝗧𝗦 | 𝗚𝗦𝗧 | 𝗧𝗔𝗟𝗟𝗬 👈
━━━━━━━━━━━━━━━
नाशिकमधील लहान व्यापाऱ्यांसाठी हिशेब, जीएसटी
विवरणपत्रं आणि
वर्षअखेरीचा ताळेबंद तयार करून देण्याचा नऊ
वर्षांचा
अनुभव 💼✨
□    रोजच्या नोंदी आणि बँक ताळमेळ
□    GSTR-1 आणि GSTR-3B भरणं
✅👉 TDS ची तिमाही विवरणपत्रं
```

एक लांब ओळ, मग दोन शब्दांची बुटकी ओळ, परत लांब ओळ. टिंबांच्या जागी रिकामे चौकोन. वर लग्नपत्रिकेसारखी नक्षी. हे सगळं एकाच आजाराचं असेल असं मला आधी वाटलं होतं. प्रत्यक्षात तीन वेगवेगळी कारणं निघाली, आणि तिसरं तर डोळ्यांना दिसणारं नव्हतंच.

लांब-बुटक्या ओळी

आधी एक साधी चाचणी करा. प्रोफाइल कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये उघडा आणि खिडकीची कड धरून ती हळूहळू फोनएवढी अरुंद करा. मजकूर पाण्यासारखा नव्या रुंदीत बसला तर ओळी ठीक आहेत. काही शब्दांपाशी ओळ हट्टाने तुटतच राहिली, तर तिथे कुणीतरी एंटर मारलेलं आहे.

बहिणीने एंटर मारलेलं नव्हतं. तिने मजकूर स्वतःच्या बायोडेटाच्या पीडीएफमधून कॉपी केला होता. पीडीएफमध्ये परिच्छेद असा नसतो, कागदावर छापल्यासारख्या सुट्या ओळी असतात. ए-फोर कागदाच्या रुंदीत जिथे ओळ संपली, तिथे कॉपी करताना बहुतेक वेळा खरंखुरं ओळतोड चिन्ह येतं. कॉम्प्युटरवर प्रोफाइलचा रकाना त्या ओळीपेक्षा रुंद असतो, म्हणून काही खटकत नाही. फोनवर मात्र ती ओळ मावत नाही. ती आधी स्वतःहून मोडते, उरलेले दोन शब्द खाली पडतात, आणि लगेच पीडीएफमधून आलेली तोड लागते. लांब-बुटकी रांग तिथून येते.

इथे बहुतेक जण म्हणतात, “मी तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही करून पेस्ट केलं होतं, फॉरमॅटिंग सगळं काढलं होतं.” बहीणही हेच म्हणाली. बरोबर आहे, पण त्याने जातं ते ठळकपण, रंग, फॉन्ट. ओळतोड हे फॉरमॅटिंग नाही, ते ‘क’ किंवा ‘ख’सारखं एक अक्षरच आहे. साधी पेस्ट ते जसंच्या तसं घेऊन येते. पुढे येणारे चौकोन आणि नक्षीदार अक्षरंही तशीच येतात. साध्या पेस्टने मजकूर ‘स्वच्छ’ होतो हा समज सोडला की अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

मजकूर छोटा असेल तर हाताने जोडा: ओळीच्या शेवटी कर्सर, डिलीट, मग एक स्पेस. मोठा असेल तर वर्डमध्ये टाका आणि ‘फाइंड अँड रिप्लेस’ तीनदा चालवा. क्रम महत्त्वाचा आहे:

```
^p^p   →  ##
^p     →  (एक स्पेस)
##     →  ^p^p
```

पहिल्या फेरीत खऱ्या परिच्छेदांमधली रिकामी ओळ बाजूला राखून ठेवली जाते, दुसरीत नको त्या तोडी निघतात, तिसरीत परिच्छेद परत येतात. पहिली फेरी विसरलात तर सगळा मजकूर एकच ढीग होतो. मी एकदा विसरलोय. काही पीडीएफमधून परिच्छेदांमधली रिकामी ओळ येतच नाही. तेव्हा `^p^p` सापडणार नाही आणि परिच्छेद कुठे संपतो हे वाचूनच ठरवावं लागेल. वर्डमध्ये कुणी शिफ्ट-एंटरने ओळ तोडली असेल तर तिची खूण `^p` नसून `^l` असते. तीही एकदा शोधून घ्या.

आता उरल्या हव्या असलेल्या तोडी. ओळ कुठे सुंदर दिसेल हे आपण ठरवायला जायचंच नाही, कारण समोरच्याच्या फोनची रुंदी आणि त्याने ठेवलेला अक्षरांचा आकार आपल्याला माहीत नाही. माझ्या वडिलांच्या फोनवर अक्षरं इतकी मोठी आहेत की एका ओळीत चार शब्द मावतात. एंटर मारायचं ते बोलणं संपलं म्हणून. एक मुद्दा संपला की दोनदा एंटर, म्हणजे मध्ये एक रिकामी ओळ. यादीतल्या दोन कलमांमध्ये एकदाच. स्पेसबार दाबत राहून शब्द मध्यभागी सरकवणं किंवा कलमं आत घेणं सोडून द्या. वेब पानावर सलग आलेल्या स्पेस सहसा आवळून एकच होतात, आणि जिथे होत नाहीत तिथे फोनवर वाकडंतिकडं दिसतं.

रिकाम्या ओळींचाही हात जरा आखडता ठेवा. फोनवर ‘अबाउट’ पूर्ण उघडलेला नसतो. पहिल्या काही ओळी दिसतात आणि पुढचं वाचायला बोटाने टॅप करावं लागतं. बहिणीच्या प्रोफाइलमध्ये त्या मोक्याच्या जागेत काय होतं? दोन आडव्या रेघा आणि एक नक्षीदार मथळा. ती काय काम करते हे टॅप केल्याशिवाय कळतच नव्हतं.

टिंबांच्या जागी चौकोन

वर्डमध्ये टिंबांची यादी केली की ते टिंब पुष्कळदा ‘सिम्बॉल’ नावाच्या खास फॉन्टमधून घेतलेलं असतं. त्याचा क्रमांक `U+F0B7`. प्रत्येक अक्षराला क्रमांक नेमून देणारी जागतिक पद्धत म्हणजे युनिकोड, आणि तिने हा पट्टा खासगी वापरासाठी मोकळा सोडलेला आहे; त्यातल्या क्रमांकांना स्वतःचा अर्थ नाही, जो तो फॉन्ट हवं ते चित्र तिथे बसवतो. पीडीएफमधून हा क्रमांक उचलून प्रोफाइलमध्ये टाकला की सोबत सिम्बॉल फॉन्ट येत नाही. फोनकडे त्या जागी दाखवायला काही नसतं, म्हणून तो रिकामा चौकोन दाखवतो. काही कॉम्प्युटरांवर हेच अक्षर नीट टिंब म्हणून दिसतं, त्यामुळे “माझ्याकडे तर बरोबर दिसतंय” हे वाक्य इथे फारसं कामाचं नाही.

उपाय म्हणजे चौकोन पुसून त्या जागी साधं टिंब `•` हाताने टाका. त्याचा क्रमांक `U+2022` आणि ते जवळपास प्रत्येक फॉन्टमध्ये असतं. विंडोजवर अल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांवर 0149 टाइप करा. मॅकवर ऑप्शन आणि 8. फोनच्या इंग्रजी कीबोर्डवर चिन्हांच्या दुसऱ्या पानावर ते मिळतं. मराठी कीबोर्ड चालू असेल तर क्षणभर इंग्रजीवर या. टिंबानंतर वर्डचा टॅब चिकटून आलेला असतो. तो काढून एकच स्पेस ठेवा.

फोनवर आणखी एक गोष्ट होते. छापील यादीत कलमाची दुसरी ओळ टिंबाच्या आत सरकलेली असते. प्रोफाइलमध्ये आपण टाइप केलेलं टिंब हे नुसतं एक अक्षर, त्यामुळे दुसरी ओळ सरळ टिंबाच्या खाली येते. तीन-चार ओळींची कलमं झाली की टिंब गर्दीत हरवतं. म्हणून कलम छोटं ठेवायचं, फोनवर एक ओळ, फार तर दोन. त्यापेक्षा जास्त सांगायचं असेल तर ते कलम नाही, तो परिच्छेद आहे. तसाच लिहा.

जे दिसत नाही, पण ऐकू येतं

इथवरचं सगळं मी आधीच्या दोन खेपांतही केलं होतं, अर्धंमुर्धं का होईना. तिसऱ्या वेळी योगायोगाने माझा एक मित्र घरी आला होता. त्याला दिसत नाही, तो अँड्रॉइड फोन टॉकबॅकवर वापरतो आणि ऑफिसात एनव्हीडीए. दोन्ही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे प्रोग्रॅम. मी म्हटलं, “अरे, जरा माझ्या बहिणीचं प्रोफाइल ऐकून सांग.” त्याने उघडलं. त्याच्या फोनने सुरुवात केली ती अशी: रेघेचं लांबलचक इंग्रजी नाव, मग ‘बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट’, मग नुसती शांतता, परत ‘बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग लेफ्ट’, परत रेघ. तो हसून म्हणाला, “तुझी बहीण बोटं दाखवते एवढं कळलं. करते काय ते नाही कळलं.”

ती शांतता म्हणजे तिचा मथळा होता. अकाउंट्स, जीएसटी, टॅली, सगळं त्यात गिळलं गेलं.

कारण सरळ आहे. लिंक्डइनच्या ‘अबाउट’मध्ये ठळक अक्षरांची सोय नाही, म्हणून लोक ‘स्टायलिश फॉन्ट’ बनवून देणाऱ्या साइटवरून अक्षरं आणतात. तो फॉन्ट नसतोच. युनिकोडमध्ये गणिताच्या सूत्रांसाठी वेगळी अक्षरं ठेवलेली आहेत, `U+1D400` पासून `U+1D7FF` पर्यंत, आणि ती साइट नेहमीच्या अक्षराच्या जागी तिथलं अक्षर बसवून देते. डोळ्यांना तो ठळक ‘जी’ वाटतो. यंत्राच्या लेखी त्याचं नाव ‘मॅथेमॅटिकल सॅन्स-सेरिफ बोल्ड कॅपिटल जी’. काही स्क्रीन रीडर प्रत्येक अक्षराचं हे पूर्ण नाव वाचतात, काही अक्षर गाळून टाकतात. एनव्हीडीएच्या नव्या आवृत्त्यांत अशी अक्षरं साध्यात बदलून वाचायचं सेटिंग आलं आहे, पण ऐकणाऱ्याने ते चालू केलेलं असेल असं धरून चालता येत नाही. शिवाय कुणी साध्या अक्षरांत ‘टॅली’ शोधलं तर गणिती अक्षरांतलं ‘टॅली’ सापडेलच याचीही खात्री नाही. जो शब्द ठळक करावासा वाटला, तोच शोधातून निसटण्याचा धोका.

देवनागरीची अशी गणिती अक्षरं नाहीत, हे मराठीत लिहिणाऱ्यांचं नशीब म्हणायचं. मराठी मजकुरात हा रोग इंग्रजी शब्दांपुरताच येतो. त्या जागी साधी इंग्रजी अक्षरं टाइप करा. जोर द्यायचा असेल तर शब्द वाक्याच्या सुरुवातीला आणा. व्हॉट्सअ‍ॅपच्या सवयीने शब्दाच्या दोन बाजूंना तारे देऊ नका. इथे ते ठळक होत नाही, तारेच दिसत राहतात.

आता चिन्हांचं. स्क्रीन रीडरमध्ये कोणती चिन्हं बोलायची याची पातळी असते. एनव्हीडीएमध्ये एनव्हीडीए की आणि P दाबून ती बदलता येते. मूळ सेटिंगवर साधं टिंब ‘बुलेट’ म्हणून बोललं जातं आणि साधी आडवी रेघ `-` न बोलता पुढे जाते. दोन्ही चालतात. ‘बुलेट’ हा एक छोटा शब्द आहे, ऐकणाऱ्याला नवं कलम आलं एवढं कळतं. बाण, हिरवी खूण, हिरे, चांदण्या यांची नावं मात्र पुष्कळदा दोन-तीन-चार शब्दांची असतात. बहिणीच्या काही कलमांच्या आधी `✅👉` होतं, म्हणजे ‘चेक मार्क बटन, बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट’. सात शब्द ऐकल्यावर ‘टीडीएस’ येणार. अशी सहा कलमं केली तर बेचाळीस शब्द नुसत्या नक्षीचे. इमोजीचं नाव इंग्रजीत येतं की मराठीत, की येतच नाही, हे फोन आणि निवडलेला आवाज यांवर ठरतं. त्यामुळे इमोजीवर अर्थ टांगू नका. फोनच्या इमोजीपुढे नुसता नंबर लिहिला आणि इमोजी वाचलाच गेला नाही, तर उरतात दहा आकडे, कसले ते कळत नाही. ‘फोन’ हा शब्द लिहिला की इमोजीची गरजच संपते.

मथळ्यातल्या उभ्या रेघेचीही अशीच गत. कुठे ती ‘व्हर्टिकल बार’ म्हणून वाचली जाते, कुठे गाळली जाते आणि ‘अकाउंट्स जीएसटी टॅली’ एका दमात येतं. स्वल्पविरामावर आवाज सहसा थांबतो. याच कारणासाठी मी यादीतल्या प्रत्येक कलमाच्या शेवटी पूर्णविराम देतो. छापील मजकुरात तो कुणी देत नाही, पण न दिल्यास काही आवाज एका कलमातून दुसऱ्यात न थांबता घुसतात.

एक मर्यादा मात्र राहतेच. टाइप केलेली टिंबं ही वेब पानातली खरी यादी नव्हे. खरी यादी आली की स्क्रीन रीडर ‘चार कलमांची यादी’ असं आधी सांगतो. इथे तो सांगणार नाही. मित्राने यावर सोपा तोडगा सुचवला: आकडा वाक्यातच लिही. ‘चार कामं करते’ असं म्हटलं की ऐकणाऱ्याला किती वेळ कान द्यायचा ते कळतं. डोळ्यांनी वाचणाऱ्यालाही ते खटकत नाही.

अदृश्य अक्षरं काढताना मराठी जपा

रिकामी ओळ टिकावी म्हणून काही जण तिथे न दिसणारं अक्षर टाकतात. सगळ्यात प्रचलित `U+2800`, म्हणजे एकही टिंब नसलेला ब्रेलचा रिकामा चौकट-कप्पा. दिसायला काहीच नाही, पण काही स्क्रीन रीडर त्याचं नाव उच्चारतात. प्रोफाइलमध्ये अशी अक्षरं आहेत का हे डोळ्यांनी कळणार नाही. मजकूर `bio.txt` नावाने साठवा आणि पायथनच्या या ओळी चालवा:

```python
import unicodedata
for c in open("bio.txt", encoding="utf-8").read():
    print(hex(ord(c)), unicodedata.name(c, "?"))
```

प्रत्येक अक्षर आपलं नाव सांगत जातं. बहिणीच्या मजकुरात मला या ओळी सापडल्या:

```
0xf0b7 ?
0x9 ?
0x1d5da MATHEMATICAL SANS-SERIF BOLD CAPITAL G
0x2800 BRAILLE PATTERN BLANK
0x200d ZERO WIDTH JOINER
```

पहिला चौकोन, दुसरा टॅब, तिसरा गणिती ‘जी’, चौथा ब्रेलचा कप्पा. हे चारही काढायचेच. ओळतोडसुद्धा `0xa ?` अशी दिसते, तिला मात्र हात लावू नका.

पाचव्यापाशी थांबा. मीही उत्साहात तो काढला आणि ‘व्यापाऱ्यांसाठी’चं ‘व्यापार्यांसाठी’ झालं. हा न दिसणारा जोडणारा मराठीत अर्ध्या ‘र’साठी कामाला येतो. आचार्यास आणि आचाऱ्यास यांतला फरक शाळेत सगळ्यांनी घोकलेला असतो: एक गुरुजी, दुसरा स्वयंपाकी. काही कीबोर्ड हा ‘ऱ्’ टाइप करताना नुक्त्याचा `U+0931` वापरतात, काही जण साधा र, हलन्त आणि मागे `U+200D` अशी जोडणी करतात. दुसऱ्या प्रकारात `U+200D` पुसला की रफार डोक्यावर चढतो आणि स्वयंपाकी गुरुजी होतो. ‘अदृश्य अक्षरं साफ करा’ म्हणणाऱ्या तयार साइट्स हे बघत नाहीत, सरसकट झाडू मारतात. बाई, बाबा, मूल अशा जोडून बनलेल्या कुटुंबाच्या इमोजीतही हेच अक्षर असतं. ते काढलं की कुटुंबाची तीन माणसं सुटी होतात.

`U+200D` दिसला की त्याच्या लगेच आधीचं अक्षर बघा. तिथे हलन्त आणि त्याआधी र असेल तर राहू द्या, किंवा त्या ‘र’च्या जागी सरळ ‘ऱ’ टाइप करून घ्या.

शेवटी काय ठेवलं

```
नाशिकमधल्या लहान व्यापाऱ्यांचे हिशेब आणि GST विवरणपत्रं नऊ वर्षं सांभाळते आहे. TallyPrime आणि Excel रोजच्या वापरात.

चार कामं करते:
• रोजच्या नोंदी आणि बँक ताळमेळ.
• GSTR-1 आणि GSTR-3B भरणं.
• TDS ची तिमाही विवरणपत्रं.
• वर्षअखेरीचा ताळेबंद.

कापड, किराणा आणि द्राक्षनिर्यात या तीन धंद्यांचे हिशेब पाहिले आहेत.

नव्या कामासाठी इथेच मेसेज करा. 🙏
```

पहिल्या दोन वाक्यांतच काम, गाव, वर्षं आणि सॉफ्टवेअर आलं, टॅप न करता. प्रणालींची नावं इंग्रजीतच ठेवली, कारण शोधणारा तशीच टाइप करतो. इमोजी एकच, अगदी शेवटी. मी तोही काढायला निघालो होतो. बहीण म्हणाली, “दादा, एवढा तरी नमस्कार राहू दे.” राहू दिला, कारण शेवटी असल्याने तो ऐकू आला तरी कुणाची वाट अडवत नाही, आणि गाळला गेला तरी वाक्य पुरं आहे. ओळीच्या मध्ये किंवा शब्दाऐवजी असता तर काढलाच असता. इमोजीला त्वचेचा रंग निवडत असाल तर तेवढं लक्षात घ्या की रंगाचं नावही वाचलं जाऊ शकतं. पिवळा ठेवला की तेवढे शब्द कमी होतात.

‘अबाउट’ला २६०० अक्षरांची मुभा असल्यामुळे इथे जागेची अडचण आली नाही. इन्स्टाग्रामच्या १५० अक्षरांच्या बायोत मात्र मराठी लिहिणाऱ्याला धक्का बसतो. ‘व्यापाऱ्यांसाठी’ हा शब्द आपण पाच अक्षरांत म्हणतो, पण युनिकोडच्या हिशेबाने काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सगळे वेगळे धरून तो पंधरा भरतो. तिथे रेघा आणि नक्षीसाठी जागा उरतच नाही.

तपासायचं कसं

अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत टॉकबॅक सापडेल. चालू करण्याआधी त्याचा व्हॉल्यूम बटणांचा शॉर्टकट लावून ठेवा. मग दोन्ही व्हॉल्यूम बटणं तीन सेकंद दाबली की ते चालू किंवा बंद होतं. हे आधी न केल्यास पहिल्यांदा घाबरायला होतं, कारण टॉकबॅकमध्ये एका टॅपने फक्त निवड होते, उघडायला दोनदा टॅप करावं लागतं आणि पान सरकवायला दोन बोटं लागतात. उजवीकडे एक बोट फिरवलं की पुढचा भाग वाचला जातो. आयफोनवरच्या स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे व्हॉइसओव्हरसाठीही आधी शॉर्टकट नेमून ठेवा, मग बाजूचं बटण तीनदा.

विंडोज असेल तर एनव्हीडीए मोफत आहे. त्याच्या टूल्स मेनूतला ‘स्पीच व्ह्यूअर’ उघडला की जे बोललं जातं ते एका खिडकीत लिहूनही दिसतं. सवय नसलेल्या कानांसाठी हे फार सोयीचं आहे, कारण आवाज भरभर पळतो आणि गाळलेला शब्द आपल्या लक्षात येत नाही. खिडकीतला मजकूर आणि आपला मजकूर शेजारी ठेवले की जास्तीचं काय आणि हरवलेलं काय ते लगेच दिसतं. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ई-स्पीकमध्ये मराठी आवाजही आहे. यांत्रिक आहे, पण तपासणीपुरता चांगला.

मित्राने नवं प्रोफाइल ऐकलं तेव्हा चार ‘बुलेट’ आणि शेवटी एक नमस्कार, एवढंच जास्तीचं आलं.

मग परत का बिघडायचं?

बहीण दर काही आठवड्यांनी नवं काम जोडायची. ते ती वर्डमधल्या बायोडेटात जोडायची, त्याचा पीडीएफ करायची, कारण तो तिला पाठवायचाच असायचा, आणि त्या पीडीएफमधून सगळा ‘अबाउट’ नव्याने कॉपी करायची. मी प्रोफाइल दुरुस्त करत होतो आणि उगम तसाच होता. आता तिच्या फोनमधल्या नोट्समध्ये ‘अबाउट’ची एक साधी प्रत आहे. बदल आधी तिथे होतो, तिथून प्रोफाइलमध्ये जातो, आणि बायोडेटासाठी लागलं तर तिथूनच वर्डमध्ये. उलट दिशेने काही यायचं नाही. गेल्या महिन्यात तिने मसाल्याच्या धंद्याचं एक काम स्वतःच जोडलं. मी फोनवर उघडून पाहिलं, ‘तीन धंद्यांचे’चं ‘चार धंद्यांचे’ करायलाही ती विसरली नव्हती.